आडव्या चित्रीकरणाचा उभा तुकडा करताना माणूस चौकटीबाहेर जातो : लक्षणे, तपासण्या आणि उपाय

हरिनाम सप्ताहातील कीर्तने आणि व्याख्यानमालांमधील प्रकट मुलाखती यांच्या आडव्या चित्रीकरणातून रील्स आणि शॉर्ट्ससाठी उभे तुकडे काढण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. या कामात एकच तक्रार वेगवेगळ्या गावांतून, पण जवळपास त्याच शब्दांत येते : "अहो, आमचे महाराज अर्धेच दिसतात." कधी महाराजांऐवजी मृदंगाचार्य असतात, कधी मुलाखतकाराच्या समोर बसलेला पाहुणा असतो, पण दोष तोच असतो.

दोष शोधण्याआधी एक हिशेब ध्यानात घ्यावा. फुल एचडी आडव्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल आणि उंची १०८० पिक्सेल असते. त्यातून पूर्ण उंचीची ९:१६ प्रमाणाची खिडकी कापली, तर तिची रुंदी साधारण ६०८ पिक्सेल येते, म्हणजे मूळ रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षाही थोडी कमी. उरलेले दोन तृतीयांश चित्र टाकूनच द्यावे लागते. त्यामुळे "काहीही न कापता उभे करून द्या" या मागणीला कोणत्याही सॉफ्टवेअरकडे उत्तर नाही. काय टाकायचे हे आपण ठरवले नाही, तर ते यंत्र ठरवते, आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी यंत्राने ठरवल्यामुळेच आलेल्या असतात.

लक्षणे

पुढीलपैकी कोणते लक्षण दिसते ते आधी नक्की करावे, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या तक्रारींची कारणे वेगळी असतात.

- बोलणारा माणूस चौकटीच्या कडेवर अर्धा कापला जातो किंवा काही क्षण पूर्णपणे नाहीसा होतो.
- चौकट सतत डावी-उजवीकडे सरकते, दोन माणसांच्या मध्ये घुटमळते आणि मधल्या रिकाम्या पडद्यावर किंवा माइकच्या दांड्यावर थांबते.
- संपादनाच्या खिडकीत सर्व काही ठीक दिसते, मात्र प्रसिद्ध केल्यावर हात, वाद्य किंवा उपशीर्षक बटणांखाली जाते.
- चित्र धूसर होते, किंवा हात हलताना त्याच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात.
- माणसे बारीक आणि उंच दिसतात.

शेवटची दोन लक्षणे खरे तर चौकटीची नाहीत, फाइलची आहेत. तरीही ती इथे घेतली आहेत, कारण चौकट दुरुस्त करण्यात तासभर घालवल्यावर चूक फाइलमध्येच होती असे कळण्याचा अनुभव मी एकापेक्षा जास्त वेळा घेतला आहे.

पहिली तपासणी : तुकडा फोनवर, त्याच अ‍ॅपमध्ये पाहणे

याला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत होते. तुकडा प्रसिद्ध न करता अ‍ॅपमध्ये मसुदा म्हणून चढवावा, आणि प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एखाद्या तुकड्याशेजारी ताडून पाहावा. अ‍ॅपमध्ये खालच्या बाजूला खात्याचे नाव आणि मजकूर असतो, तर उजवीकडे खालच्या अर्ध्या भागात बटणांची रांग असते. १०८० × १९२० च्या चौकटीत मी खालचे ४०० पिक्सेल, उजवीकडचे १५० पिक्सेल आणि वरचे सुमारे २०० पिक्सेल महत्त्वाच्या गोष्टींसाठी वापरत नाही. हे माझे कामचलाऊ माप आहे. अ‍ॅपची मांडणी बदलत असल्यामुळे दर काही महिन्यांनी ते पुन्हा पाहावे लागते.

या तपासणीचे कारण साधे आहे. बसलेल्या वादकाचे हात चित्राच्या खालच्या भागात असतात. तबला, मृदंग किंवा पेटी वाजवणाऱ्याला चौकटीत नेमके मध्यभागी बसवले, तरी त्याचे हात नेमके मजकुराखाली जातात, आणि "वाजवणारा दिसतो, वाजवणे दिसत नाही" अशी तक्रार येते. इथे चौकट डावी-उजवीकडे सरकवून काही उपयोग नसतो. चित्र थोडे वर उचलावे लागते, आणि पूर्ण उंचीच्या खिडकीत ते वर उचलायला जागाच नसल्यामुळे पुढे सांगितलेली चौरस मांडणी घ्यावी लागते.

दुसरी तपासणी : फाइल आणि टाइमलाइन खरोखर काय आहे

टाइमलाइन १०८० × १९२० ची आहे का, हे डोळ्यांनी वाचून पाहावे. आडव्याच टाइमलाइनवर काम करून फाइल बाहेर काढली आणि ती अ‍ॅपमध्येच मोठी करून बसवली, की सहसा मधला भाग राहतो आणि कडेचा माणूस जातो. पहिल्या लक्षणाचे सर्वांत स्वस्त कारण अनेकदा एवढेच निघते.

त्यानंतर मूळ फाइल तपासावी. समारंभांच्या चित्रीकरणासाठी वापरले जाणारे जुने कॅमकॉर्डर अजूनही इंटरलेस्ड चित्र देतात, म्हणजे एकेका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी आलटूनपालटून विणलेल्या असतात. आडव्या पडद्यावर हे फारसे खटकत नाही. उभ्या चौकटीसाठी चित्र १.७८ पट मोठे केले की त्या ओळीही मोठ्या होतात, आणि टाळ वाजवणाऱ्या हाताला कंगवा फुटतो. फाइलची माहिती एफएफएमपेगसोबत येणाऱ्या `ffprobe` च्या पुढील आज्ञेने मिळते :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,sample_aspect_ratio,field_order -of default=nw=1 00012.MTS
```

`field_order` समोर `progressive` ऐवजी `tt` किंवा `bb` आले, तर चित्र इंटरलेस्ड आहे. अशा वेळी आधी डीइंटरलेस करावे आणि मगच कापावे व मोठे करावे. हा क्रम उलटा झाला की ओळी एकमेकींत मिसळतात, आणि त्या नंतर नीट वेगळ्या करता येत नाहीत. रुंदी १४४० आणि `sample_aspect_ratio` ४:३ आले, तर त्या फाइलचे पिक्सेल चौरस नाहीत. हे ध्यानात न घेता कापले, की माणसे तीन चतुर्थांश रुंदीची, म्हणजे बारीक आणि उंच दिसतात.

धूसरपणाचे आणखी एक कारण प्रीमियर वापरणाऱ्यांच्या बाबतीत वारंवार आढळते. आडवी क्लिप उभ्या टाइमलाइनवर टाकून `Scale to Frame Size` दिले, की प्रीमियर ती टाइमलाइनच्या रुंदीइतकी, म्हणजे १०८० × ६०८ एवढी लहान करून धरते, आणि त्यानंतर आपण तेच लहान चित्र मोठे करत बसतो. याची खूण `Scale` च्या आकड्यात दिसते. चौकट भरण्यासाठी आकडा ३१६ च्या आसपास न्यावा लागत असेल, तर हाच दोष आहे. तो पर्याय काढून टाकल्यावर फुल एचडी क्लिपला १७८ आणि फोर-के क्लिपला ८९ पुरते. दाविंचीमध्ये मात्र ३.१६ हा झूम दिसला म्हणून घाबरू नये, कारण ते मूळ फाइलचेच पिक्सेल वापरते.

या आकड्यांवरून फुल एचडी आणि फोर-के यांतला फरकही कळतो. फोर-के चित्रातील पूर्ण उंचीची खिडकी १२१५ पिक्सेल रुंद येते, त्यामुळे ती मोठी करावीच लागत नाही. फुल एचडीमध्ये आपण आधीच पावणेदोन पटींच्या पुढे गेलेलो असतो. म्हणून त्यात पूर्ण उंचीपेक्षा लहान खिडकी कापून "चेहरा अजून जवळ" आणण्याचा मोह मी टाळतो.

तिसरी तपासणी : हवे ते ६०८ पिक्सेलमध्ये मावते का

कामाचा खरा निर्णय या तपासणीवर ठरतो, तरी बहुतेक जण ती गाळतात. तुकडा सुरू करण्यापूर्वी आडव्या चित्रातील तीन-चार क्षण थांबवून, जे दिसलेच पाहिजे त्याची सर्वांत डावी आणि सर्वांत उजवी कड मोजावी. मोजताना केवळ चेहरा धरू नये. कीर्तनकाराचे पसरलेले हात, वादकाच्या दोन्ही हातांची बोटे आणि वक्ता ज्याकडे बोट दाखवतो आहे ती वस्तू, हे सर्व त्यात येते.

दोन कडांमधील अंतर सुमारे ५५० पिक्सेलपर्यंत असेल, तर एक स्थिर खिडकी पुरते, आणि ती हलवण्याचे कारण नाही. अंतर त्याहून जास्त, पण हजाराच्या आसपास असेल, तर पुढील तीन तपासण्या लागू होतात. अंतर तेराशे-चौदाशेच्या पुढे गेले, म्हणजे लेझीमचे पथक, ढोलताशाची रांग किंवा फुगड्यांचे रिंगण असेल, तर तिथेच थांबावे. त्या दृश्यात रांग हाच विषय असतो. तिच्यातील एकाला कापून उभे केले, तर तो वेगळाच व्हिडिओ होतो.

मोजताना नजरेची दिशाही पाहावी. माणूस उजवीकडे पाहून बोलत असेल, तर त्याला मध्यापासून थोडा डावीकडे ठेवून नजरेसमोर जागा सोडावी लागते. उभ्या चौकटीत ही जागा फार थोडी मिळते, पण ती अजिबात सोडली नाही, तर माणूस भिंतीला नाक लावून बोलल्यासारखा दिसतो. मी सहसा ५० ते ८० मूळ पिक्सेल सोडतो.

चौथी तपासणी : स्वयंचलित साधनाने काय धरले आहे

प्रीमियरमधील `Auto Reframe`, दाविंचीच्या सशुल्क आवृत्तीतील `Smart Reframe` आणि फायनल कटमधील `Smart Conform` ही साधने चेहरे, हालचाल आणि उठून दिसणारा भाग शोधून खिडकी त्यामागे नेतात. एक माणूस आणि मोकळी पार्श्वभूमी असेल, तर ती उत्तम काम करतात, आणि अशा तुकड्यांत हाताने काम करण्यात मला काही शहाणपण वाटत नाही.

वारकरी कीर्तनात मात्र त्यांची पुरती फजिती होते. कीर्तनकाराच्या मागे पांढरे कपडे आणि पांढऱ्या टोप्या घातलेले टाळकरी रांगेने उभे असतात, सगळे एकाच लयीत हलत असतात, आणि महाराजांनी मान वळवली की त्यांचा चेहरा क्षणभर दिसेनासा होतो. त्याच क्षणी साधनाला मागच्या रांगेतला एखादा टाळकरी समोरून स्पष्ट दिसतो, आणि चौकट त्याच्याकडे निघते. दुसऱ्या लक्षणातील घुटमळणे जवळजवळ नेहमी असेच सुरू होते.

यावर हाताने काम करण्याआधी दोन सोपे उपाय करून पाहावेत. पहिला उपाय असा की, साधन लावण्यापूर्वी क्लिप आशयानुसार तुकड्यांत तोडावी आणि प्रत्येक तुकड्यावर ते वेगळे चालवावे, म्हणजे एका ठिकाणची चूक पुढे वाहत जात नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रीमियरमध्ये `Slower Motion` निवडणे, किंवा दाविंचीमध्ये `Reference Point` निवडून खिडकीने कोणाच्या मागे जायचे ते स्वतः दाखवणे. `Faster Motion` हा पर्याय खेळांच्या चित्रीकरणासाठी ठीक आहे, पण बोलणाऱ्या माणसावर तो लावला तर प्रत्येक मान डोलावण्याबरोबर मंडपही डोलतो. एवढे करूनही एका मिनिटात तीनपेक्षा जास्त ठिकाणी दुरुस्ती करावी लागत असेल, तर साधन बाजूला ठेवून हाताने काम करणे वेळेच्या दृष्टीनेही स्वस्त पडते.

पाचवी तपासणी : चौकट सरकवायची की तोडायची

हाताने काम करणारे बहुतेक जण चौकट सरकवतात, आणि तिथेच चुकतात. माझा नियम असा आहे : त्याच माणसामागे जायचे असेल तर चौकट हळू सरकवावी, आणि दुसऱ्या माणसाकडे जायचे असेल तर सरळ तोडून जावे.

याचे कारण दोन्ही बाजूंनी पाहता येते. एकाच कॅमेऱ्यातून एकाच माणसाच्या दोन जवळच्या खिडक्या एकामागोमाग जोडल्या, तर तो माणूस जागच्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, म्हणून तिथे सरकणेच बरे. उलट, एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकताना चौकट मधल्या रिकाम्या जागेवरून जाते, आणि ६०८ पिक्सेलच्या खिडकीत ती रिकामी जागा पूर्ण पडदा व्यापते. प्रेक्षकाला अर्धा सेकंद मंडपाचे कापड दिसते. तोडून गेल्यावर मात्र दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेल्यासारखे वाटते, कारण माणूस, जागा आणि पार्श्वभूमी हे सगळेच बदललेले असते.

एका सप्ताहातील ५२ सेकंदांचा तुकडा उदाहरण म्हणून घेतो. चित्रीकरण फुल एचडी, इंटरलेस्ड, आणि स्टँडवर स्थिर ठेवलेल्या एकाच कॅमेऱ्याचे होते. सुरुवातीला महाराजांचा मध्य डावीकडून ८६० पिक्सेलवर होता, आणि मृदंगाचार्यांचा १४८० वर. सुमारे १४ व्या सेकंदाला महाराजांनी अभंगाचा चरण संपवून मृदंगाकडे हात केला, मृदंगाचार्यांनी तिहाई घेतली, आणि १९ व्या सेकंदाच्या आसपास महाराजांनी पुढचा चरण उचलला. तिसाव्या सेकंदाला ते बोलत बोलत डावीकडे ६१० पर्यंत चालत गेले.

स्वयंचलित साधनाने दिलेला पहिला निकाल टाळकऱ्यांच्या नादी लागला. दुसऱ्या प्रयत्नात मी ८६० पासून १४८० पर्यंत चौकट एका सेकंदात सरकवली. ते इतके वाईट दिसले की, कॅमेरा कुणीतरी ढकलला का, असे मंडळाच्या एका कार्यकर्त्याने विचारले. तिसऱ्या वेळी १४.२ सेकंदाला, महाराजांचा हात चौकटीच्या उजव्या कडेबाहेर जात असतानाच तोडले आणि सरळ मृदंगावर गेलो, व १८.९ ला समेवर परत महाराजांकडे आलो. बाहेर गेलेल्या हाताचा पाठपुरावा प्रेक्षकाची नजर स्वतःच करते, त्यामुळे तोडल्याचे जाणवतही नाही. हा तोडण्याचा क्षण कानाने शोधावा. चरणाचा शेवट, श्वास किंवा सम यांवर तोडलेले खपते, आणि शब्दाच्या मध्ये तोडलेले बोचते.

खिडकीची डावी कड काढण्यासाठी माणसाच्या मध्यातून ३०४ वजा करावेत. महाराजांसाठी ती ५५६ आली आणि मृदंगासाठी ११७६. हे तोडणे एफएफएमपेगमध्ये असे करता येते :

```
ffmpeg -i 00012.MTS -vf "bwdif=mode=send_frame,crop=608:1080:x='if(between(t,14.2,18.9),1176,556)':y=0,scale=1080:1920,setsar=1" -crf 18 -c:a aac ubha.mp4
```

चालण्याचा भाग मी यात मुद्दाम घेतला नाही. `crop` ची खिडकी पूर्ण पिक्सेलांच्या पायऱ्यांनीच सरकते, आणि हळू हालचालीत त्या पायऱ्या थरथरीसारख्या दिसतात, म्हणून असे सरकवणे संपादकातच करावे. प्रीमियरमध्ये, `Scale` १७७.८ असताना, `Position` चा आडवा आकडा या सूत्राने मिळतो :

```
Position X = 540 + (960 - m) × 1.778
```

इथे `m` म्हणजे मूळ चित्रातील माणसाचा मध्य. ८६० साठी उत्तर ७१८ येते आणि १४८० साठी उणे ३८५. हा आकडा उणे ६२७ च्या खाली किंवा १७०७ च्या वर गेला, की चित्र संपून काळी पट्टी दिसू लागते. म्हणून मंचाच्या अगदी कडेला बसलेला माणूस चौकटीच्या मध्यावर येणारच नाही, हे आधीच मान्य करावे.

चालण्यासाठी दोनच कीफ्रेम दिल्या : पहिली तिसाव्या सेकंदाला आणि दुसरी तेहेतिसाव्या सेकंदाला, दोन्ही टोकांना हालचाल मऊ करून. माणसाने पाऊल उचलण्यापूर्वी चौकट निघाली, तर त्याला कुणी ओढत नेल्यासारखे वाटते. म्हणून मी ती त्याच्यापेक्षा चार-पाच फ्रेम उशिराच सोडतो. माणूस जागेवर डुलत असेल, तर चौकट हलवायचीच नाही. तो मधल्या एक तृतीयांश भागातून बाहेर गेला, तरच तिला जागची उठवायची.

सहावी तपासणी : दोघे एकाच वेळी हवे असतील तर

वरच्याच तुकड्यात महाराज आणि मृदंगाचार्य एकत्र दाखवा, असा आग्रह असता तर? महाराजांच्या डाव्या हातापासून मृदंगाच्या उजव्या पुडीपर्यंतचे अंतर सुमारे १०१० पिक्सेल भरत होते. ते ६०८ मध्ये मावत नाही, पण १०८० च्या चौरसात मावते. फुल एचडीमधून कापलेला १०८० × १०८० चा चौरस उभ्या चौकटीत मोठा न करता जसाच्या तसा बसतो, त्यामुळे तो पूर्ण उंचीच्या खिडकीपेक्षा स्वच्छही दिसतो. उरलेल्या ८४० पिक्सेलपैकी २४० वर आणि ६०० खाली सोडावेत, म्हणजे अ‍ॅपचा मजकूर बहुतांशी खालच्या रिकाम्या पट्टीवर पडतो आणि वादकाचे हात मोकळे राहतात. वरच्या पट्टीत अभंगाची ओळ किंवा स्थळ लिहिता येते. पट्ट्यांमध्ये त्याच चित्राची धूसर प्रत हलवत ठेवण्याची पद्धत रूढ आहे, पण मला गडद सपाट रंग जास्त शांत वाटतो.

तुकड्याच्या मध्येच पूर्ण चौकटीवरून चौरसावर आणि पुन्हा मागे जाणे मात्र टाळावे. एका तुकड्याला एकच मांडणी ठेवावी.

प्रकट मुलाखतीत दोन खुर्च्यांमधले अंतर बहुधा याहूनही जास्त असते. तिथे दोघांच्या दोन खिडक्या एकाखाली एक रचाव्यात. प्रत्येक भाग १०८० × ९६० चा असतो. त्यासाठी मूळ चित्रातून ८१० × ७२० ची खिडकी कापली, तर १.३३ पटच मोठे करावे लागते आणि बसलेला माणूस कमरेपर्यंत सहज मावतो. जास्त बोलणाऱ्याला वर ठेवावे, कारण खालच्या भागातल्या माणसाच्या हातांवर मजकूर पडणार असतो. या मांडणीत एक फसगत होते. मूळ चित्रात डावीकडचा माणूस उजवीकडे पाहतो आणि उजवीकडचा डावीकडे पाहतो. दोन्ही भागांत दोघांना काटेकोर मध्यावर बसवले, की ते एकमेकांशी नव्हे, तर भिंतींशी बोलतात असे वाटते. दोघांच्याही नजरेसमोर थोडी जागा सोडली की संवाद जुळल्यासारखा दिसतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काही बाबतीत घरगुती प्रयत्न वाढवण्यात अर्थ नसतो.

कॅमेरा हातात धरून, गर्दीतून, सतत झूम करत केलेले चित्रीकरण असेल, आणि मधून माणसे आडवी जात असतील, तर तिथे आधी चित्र स्थिर करावे लागते, मग ट्रॅकिंग, आणि मग चौकट. स्थिर करताना कडा पुन्हा कापल्या जातात आणि ६०८ चे ५५० उरतात. पाच मिनिटांच्या तुकड्याला दर दोन-तीन सेकंदांनी कीफ्रेम द्यावी लागत असेल, तर ते काम अनुभवी संपादकाकडे द्यावे. त्याला देताना मोबाइलवरून आलेली प्रत न देता कॅमेऱ्याच्या कार्डातली मूळ फाइल द्यावी, आणि सोबत कागदावर प्रत्येक वेळेपुढे "इथे कोण दिसले पाहिजे" एवढे लिहून द्यावे. तो निर्णय कार्यक्रम माहीत असलेल्या माणसानेच घ्यायचा असतो.

आडव्या चित्रावर उपशीर्षके, चिन्ह किंवा नावाची पट्टी आधीच पक्की चढवलेली असेल, तर तीही खिडकीबरोबर कापली जाणार. अशा वेळी ती पुसत बसू नये. ज्याने मूळ संपादन केले, त्याच्याकडून पट्टीविना प्रत मागावी. ती मिळत नसेल, तर चौरस किंवा पूर्ण आडवी मांडणी स्वीकारावी.

चौकटीबाहेर गेलेला भाग मूळ चित्रातच नसेल, म्हणजे कॅमेऱ्यानेच महाराजांचा हात कापलेला असेल, तर तो कुठल्याही संपादकाला परत आणता येत नाही. गेल्या हंगामात एका मंडळाला मी हेच सांगितले आणि काम परत दिले. पुढच्या कीर्तनाला त्यांच्या चित्रीकरण करणाऱ्याने कॅमेरा फोर-केवर ठेवला आणि मागे सरकवला, शिवाय कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधल्या एक तृतीयांश भागाच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीच्या उभ्या रेघा लावल्या. मृदंगाचार्यांना महाराजांच्या दोन हात जवळ बसायला सांगितल्यावर ते थोडे कुरकुरले, कारण त्यांना मॉनिटरचा आवाज थेट कानावर येत होता. शेवटी मॉनिटर फिरवला, आणि त्या दिवसाचे चार तुकडे एकाच स्थिर खिडकीत निघाले.